पाच गणितं, मग चहा: नवी पेठेतल्या एका उमेदवाराचे बारा आठवडे

पुण्याच्या नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी एक मुलगी. वय २५, गाव बार्शी, बीएस्सी झालेली. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा टिळक रोडजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनवर नोकरी, रात्री अभ्यासिका. तयारी एमपीएससीच्या गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेची: १०० प्रश्न, १०० गुण, एक तास आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा. डोळ्यांसमोर पद राज्यकर निरीक्षकाचं, म्हणजे पेठेच्या भाषेत एसटीआय. ही मुलगी आणि तिच्या वहीतले आकडे उदाहरणासाठी बांधलेले आहेत. परीक्षेचे नियम आणि पुढे येणारे प्रयोग मात्र खरे आहेत.

तिची तक्रार एका वाक्याची होती: "मूड लागला की चार-चार तास बसते, पण मूडच लागत नाही."

आधीचे सहा आठवडे

काही बदलायच्या आधी तिने मागच्या ४२ दिवसांचा हिशोब मांडला. अभ्यासिकेच्या हजेरीच्या वहीवरून, फोनमधल्या फोटोंवरून, आठवणीवरून, जसा जमला तसा. अभ्यास झालेले दिवस १३. एकूण तास ३१. त्यातले २२ तास फक्त पाच दिवसांत झालेले. त्या पाच दिवसांपैकी दोन दिवस एका सत्कार समारंभाच्या लगोलग आलेले, जिथे निवड झालेल्या उमेदवाराने "सोळा-सोळा तास" वगैरे भाषण केलं होतं. दोन दिवस जाहिरात येणार अशी बातमी फिरली तेव्हाचे. एक रविवार रूममेट पूर्व परीक्षा पास झाली त्यानंतरचा. सगळ्यात मोठा खंड नऊ दिवसांचा.

३१ तास भागिले ४२ दिवस केले तर रोजची सरासरी ४४ मिनिटं येते. म्हणजे एवढ्या धापा टाकून जे हाती आलं, ते रोज पाऊण तास बसून शांतपणे झालं असतं. हा आकडा बघून ती जरा गप्प झाली.

खरा पुरावा मात्र आधुनिक भारताच्या इतिहासाच्या पुस्तकात होता. पुस्तक मिटून कडेने पाहिलं की पहिली साठेक पानं मळून काळपट झालेली दिसत आणि पुढची सगळी पांढरीशुभ्र. प्रत्येक खंडानंतर "आता नीट पहिल्यापासून करू" म्हणून ती पुन्हा पहिल्या पानावर आलेली होती, चार वेळा. झटक्याने केलेल्या अभ्यासाची किंमत खंडाच्या दिवसांत मोजतात, पण त्याहून जास्त पैसे ह्या परत सुरू करण्यात जातात. पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत दहा पुस्तकं अशी कडेने बघा, निम्म्यांची हीच कथा निघेल.

वेळापत्रक कोलमडायचं कारण आळस नाही. ते वेळापत्रक बनवणारी आणि पाळणारी व्यक्ती वेगळी असते. सत्काराच्या रात्री साडेअकराला साडेचार तासांचा तक्ता आखणारी मुलगी टवटवीत होती. बुधवारी संध्याकाळी, दिवसभर काउंटरवर रिपोर्टसाठी भांडणाऱ्या लोकांना तोंड देऊन आलेल्या मुलीला तो तक्ता म्हणजे दंडाची पावती वाटते. ती तक्त्याकडे बघते, अर्धा तास तरी करू असा विचारही येतो, पण साडेचारच्या पुढे अर्धा तास भिकारडा दिसतो. म्हणून शून्य.

"भावी एसटीआय" काढून टाकलं

ओळखीतून सवय घडवायची म्हटलं की बहुतेक जण चुकीची ओळख निवडतात, आणि पुण्यात तर ती आयती मिळते. अभ्यासिकेच्या दारात एकमेकांना "काय साहेब", "बोला मॅडम" म्हणायची पद्धत आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर "भावी पीएसआय". हिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर "भावी एसटीआय" लिहिलेलं होतं. गावी गेली की काका चारचौघांत "आमची साहेबीण" म्हणून ओळख करून देत.

यात बिघडतं काय, ते मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगांतून दिसतं. वकील होण्याचं मनावर घेतलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी अभ्यासाचे आपले इरादे लिहायला लावले. काहींचे इरादे प्रयोग घेणाऱ्याने वाचले आणि त्यांची दखल घेतली, काहींच्या इराद्यांकडे कुणी बघितलंच नाही. नंतर प्रत्यक्ष कायद्याचं काम दिलं, तेव्हा ज्यांची दखल घेतली गेली होती त्यांनी कमी वेळ काम केलं. इरादा दुसऱ्याने मान्य केला की आपण अर्धे वकील झालोच असं वाटायला लागतं आणि कामाची तहान तेवढी भागते. "काय मॅडम" ऐकण्यात पदाचा थोडासा गोडवा अभ्यासाआधीच जिभेवर येतो. तो गोडवा हेच बक्षीस, आणि ते न करताच मिळतंय.

म्हणून ओळख निवडताना एक कसोटी लावली: ती आज संध्याकाळपर्यंत खरी किंवा खोटी ठरवता आली पाहिजे. "भावी एसटीआय" पुढची दोन वर्षं ना खरी ना खोटी. "हुशार", "सिन्सिअर", "टॉपर" याही तशाच हवेतल्या. निवडलेलं वाक्य अगदीच साधं होतं: "मी सकाळी गणितं सोडवते."

यातलं क्रियापद महत्त्वाचं आहे. मराठीत अभ्यासाविषयी आपण बहुधा तीन रूपांत बोलतो. "करायचाय" म्हणजे कर्ज. "करणारे" म्हणजे वायदा. "करते" म्हणजे रीत. उपास असतो त्या दिवशी समोर आलेल्या वड्याला आपण "मी आज खात नाही" म्हणतो, "मला खायचं नाहीये" म्हणून स्वतःशी झगडत बसत नाही. ती जी "खात नाही"ची सहजता आहे, ती "सोडवते" या रूपात आणायची होती. पहिल्या आठवड्यात ते वाक्य तिला खोटंच वाटलं, आणि ते बरोबरच होतं, कारण पुरावा नव्हता. आरशासमोर उभं राहून ते म्हणण्याचा इथे काही उपयोग नाही. मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९७२ मध्ये मांडलेली गोष्ट अशी की आपण कसे आहोत हे माणूस बऱ्याचदा स्वतःच्या वागण्याकडे बाहेरच्यासारखं बघून ठरवतो. "मी चहा फार पिते वाटतं, दिवसातला पाचवा झाला" असं आपण म्हणतो, तसंच. तेव्हा काम वाक्य घोकण्याचं नव्हतं. तिला दिसेल असा पुरावा रोज एकेक पान तयार करण्याचं होतं.

स्टेटस तिने काढलं. अभ्यासिकेतल्या मैत्रिणींना काही सांगितलं नाही. आईला फक्त एवढंच: "आई, रोज सकाळी झालं की मी तुला 'झाली' एवढा मेसेज टाकीन. अभ्यास किती झाला, परीक्षा कधी, हे सध्या विचारू नकोस गं." दखल वाईट नाही, ती कामाच्या आधी यायची ती नंतर यायला हवी एवढंच.

पाचच का, आणि गणितच का

रोजच्या कामाच्या एककाचा आकार असा ठरवला की सगळ्यात वाईट दिवशीही तो होईल. पाळीचा दुसरा दिवस, रात्री रूमवर कुणाचा तरी वाढदिवस, लॅबमध्ये लवकर बोलावलेलं: अशा दिवशी काय जमेल? पाच प्रश्न, साधारण १५ मिनिटं. आणि त्याच्याही खाली एक तळ: एक प्रश्न.

विषय अंकगणित-बुद्धिमापन घेतला तो सोपा म्हणून नाही, उलट तिचा तोच कच्चा होता. कारण वेगळं आहे. इतिहासाचं पान वाचून झालं की झालं का नाही हे कळत नाही, म्हणून मन "अजून थोडं" आणि "राहू दे" यांच्यात लोंबकळतं. गणिताला शेवट असतो. उत्तरतालिकेशी ताडलं की दोन मिनिटांत निकाल, आणि बरोबर आलेल्या उत्तराची ती छोटीशी खूण स्वतःच एक बक्षीस असते. राज्यघटना किंवा भूगोल घेऊनही हे करता येतं, पण मग एकक "दोन पानं वाचणं" असं नको. "दोन पानं वाचून पुस्तक मिटून तीन ओळी आठवून लिहिणं" असं हवं, म्हणजे कागदावर काहीतरी उरतं.

तयारी एका रविवारी झाली, आणि इथे झटक्याचा खरा उपयोग आहे. सत्कारातून येणारा जोश अभ्यासात घालायचा नाही, मांडामांडीत घालायचा, कारण मांडामांडी एकदाच करावी लागते. आयोगाच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षांच्या संयुक्त पूर्वच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका उतरवल्या. त्यातली गणिताची पानं झेरॉक्स करून वर्षवार स्टेपल केली. अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही आणि एकाच प्रकारची दोन पेनं आणली. वही, पेन आणि त्या आठवड्याचा गठ्ठा उशीजवळच्या पिशवीत. सकाळी शोधायची एक गोष्ट जरी उरली तरी तिथेच गळती सुरू होते.

वहीच्या पानाचा नमुना असा: वर तारीख, प्रश्नपत्रिकेचं वर्ष, प्रश्न क्रमांक कुठून कुठे. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ. खाली पाच गणितं, रीत पूर्ण लिहून. चुकलेल्याभोवती गोल आणि शेजारी चुकीचं कारण दोन-तीन शब्दांत. उदाहरणार्थ, नवव्या दिवशीचं गणित: एका नळाने टाकी १२ तासांत भरते, दुसऱ्याने १५ तासांत, तिसऱ्याने भरलेली टाकी २० तासांत रिकामी होते. तिन्ही एकदम सुरू केले तर किती वेळात भरेल? तिने तिन्ही भाग मिळवले, १२/६० आणले आणि ५ तास लिहिलं. खरं उत्तर ५ अधिक ४ वजा ३, म्हणजे ६/६०, १० तास. शेजारी लिहिलं: "रिकामा नळ वजा". पुढच्या तीन आठवड्यांत "रिकामा नळ वजा" आणखी एकदा आलं, मग आलं नाही. अशी पानं साठत गेली की ती नुसती हजेरी राहत नाही.

चहाची जागा बदलली

बक्षीस विकत आणायचं नव्हतं. रोज सव्वासातला उठून, तोंड धुऊन, साडेसातला रूममेटबरोबर खालच्या अमृततुल्यात जाऊन एक कटिंग, हा तिचा दोन वर्षांचा नेम होता. तोच उचलला आणि पाच गणितांच्या पुढे ठेवला. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व हेच आहे: जी गोष्ट माणूस आपण होऊन करतोच, ती कमी होणाऱ्या गोष्टीचं बक्षीस म्हणून वापरता येते. आपल्याकडे आया कधीपासून म्हणतच आल्यात, आधी आंघोळ, मग नाश्ता.

अशा बक्षिसाला तीन अटी लागतात. ते काम संपल्यावर लगेच मिळावं, मिनिटाभरात, निदान दहा मिनिटांत. रविवारी मिळणाऱ्या गोष्टीचा सोमवारच्या सकाळवर जोर चालत नाही. ते आपल्याला अडवून धरता यावं. आणि ते कामाच्या मानाने लहान असावं, नाहीतर मन कामाकडे बक्षिसाचं तिकीट म्हणून बघतं. दहा-पंधरा रुपयांचा चहा तिन्हींत बसला.

उठायची वेळ बदलली नाही, हे मुद्दाम. पहाटे साडेचारला उठण्याचा आणि गणितांचा, असे दोन बदल एकदम केले असते तर कुठला मोडला हे कळलंच नसतं. फक्त चहा साडेसातऐवजी पावणेआठला गेला. ठरावाचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर: "तोंड धुऊन टॉवेल दांडीवर टाकला की पलंगावर बसून वही उघडते." टॉवेल दांडीवर टाकणं ही खूण घड्याळापेक्षा पक्की, कारण घड्याळाकडे दुर्लक्ष करता येतं, टॉवेल हातात असतो.

काय काय मोडलं

पहिली मोडतोड चौथ्याच दिवशी. रूममेट दारात उभी: "चल गं, येतेस ना?" आणि ही वही मिटून गेली. चूक इच्छाशक्तीची नव्हती, बक्षिसाची किल्ली दुसरीच्या हातात होती. उपाय दोन झाले. रूममेटला एका वाक्यात सांगितलं, "पावणेआठला निघू, आधी बोलावू नकोस." आणि त्यातूनही राहिलंच तर वही पिशवीत घालून न्यायची, एक प्रश्न अमृततुल्याच्या बाकावर, कप हातात यायच्या आत. बारा आठवड्यांत असं सहा वेळा झालं.

दुसरी चूक जास्त शहाणपणाच्या नावाखाली आली. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःहून जोड दिली: रविवारच्या सराव परीक्षेत ६० च्या वर गुण आले तर मिसळ. आले ४३. मिसळ नाही, तोंड कडू, आणि पुढचे दोन दिवस सकाळची गणितंही बंद. परीक्षेचा निकाल आपल्या हातात पुरता नसतो. कठीण पेपर, झोप, नशीब, सगळं त्यात येतं. अशा गोष्टीवर बक्षीस टांगलं की ते बक्षीस राहत नाही, शिक्षेची टांगती तलवार होते. नियम बदलला: सराव परीक्षा देऊन चुकांवर गोल मारून झाले की मिसळ, गुण कितीही असोत.

तिसरी चूक लक्षात यायला वेळ लागला, कारण वरवर सगळं छान दिसत होतं. पाचव्या आठवड्यात पाच गणितं सहा मिनिटांत व्हायला लागली आणि गोल दिसेनासे झाले. ती प्रगती नव्हती. गठ्ठ्यातून अंकमालिका आणि दिशांचे प्रश्न वेचून, काळ-काम-वेग आणि चक्रवाढ व्याज वगळून ती चहा कमावत होती. कुठल्याही मोजमापाला बक्षीस बांधलं की माणूस मोजमाप भागवायला शिकतो. अभ्यासिकेत "तास" मोजणारे तर मांडीवर फोन ठेवून तीन तास भरतात. ओळखायची खूण वहीतच होती: चार दिवस ओळीने एकही गोल नाही, म्हणजे प्रश्न सोपे निवडले जातायत. उलट आठवडाभर रोज पाचातले चार चुकतायत, म्हणजे पातळी वर गेलीय, सोडवलेली उदाहरणं बघून खाली यायला हवं. तोडगा साधा: प्रश्न क्रमाने घ्यायचे, निवडायचे नाहीत. वेळ पुन्हा १७-१८ मिनिटांवर गेली, आणि ते चांगलं चिन्ह होतं.

एका ठिकाणी तिला बक्षीस लावायचं होतं, पण ते लावलं नाही. समाजसुधारकांची चरित्रं ती रात्री झोपताना आवडीने वाचत असे. "तिथेही काहीतरी ठेवते, वेग वाढेल." १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना चित्रासाठी प्रशस्तिपत्र मिळेल असं आधीच सांगितलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना ते अचानक मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांच्यात ही घट आली नाही. आवडीच्या गोष्टीला आधी सांगून भाव लावला की आवडीचा भाव उतरतो. गणित तिला आवडत नव्हतं, म्हणून तिथे गमावण्यासारखं काही नव्हतं. चरित्रं तशीच ठेवली.

विसर्जनाची रात्र

सुरुवात श्रावणाच्या पहिल्या दिवशी झाली होती, म्हणजे अनंत चतुर्दशी ४४ व्या दिवशी आली. नवी पेठेत, अलका चौकापासून हाकेच्या अंतरावर, त्या रात्री झोप हा प्रकार नसतो. दुसऱ्या दिवशीही मिरवणूक संपलेली नव्हती. चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस, दोन्ही दिवस कोरे गेले.

इथे जुन्या सवयीने डोकं वर काढलं. सेहेचाळिसाव्या दिवशी तिने वहीत लिहिलं: "आज १५ करायची." मागचे दहा भरून काढायचे. हे सगळ्यात नामी दिसणारं आणि सगळ्यात घातक पाऊल. पंधरा गणितं म्हणजे पाऊण तास. तो नाही जमला की उद्याला वीस. आणि तिसऱ्या दिवशी वहीच उघडायची भीती. उधारी चढली की माणूस त्या दुकानासमोरून जायचं टाळतो, तसं. म्हणून खंडानंतरचा नियम उलटा: पहिल्या दिवशी फक्त एक. मागचे कोरे दिवस कोरेच राहणार. तिने १५ वर काट मारून एक सोडवलं, टक्केवारीचं, आणि चहाला गेली.

एखाद्या खंडाने सवय मोडत नाही, याला आधार आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एकच छोटी गोष्ट करायला सांगून बघितलं. हे काम २०१० मध्ये छापून आलं. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडला नाही. सवय पुरती मुरायला लागणारा काळ मधल्या माणसाला ६६ दिवस निघाला, पण अंदाजांचा पसारा १८ दिवसांपासून २५४ पर्यंत होता. लोक "एकवीस दिवसांत सवय" म्हणतात, त्याच्याशी याचा काही मेळ नाही. शिवाय त्यांच्या गोष्टी होत्या पाणी पिणं, फळ खाणं, थोडं धावणं. अभ्यास त्याहून जड. म्हणून ६६ व्या दिवसावर कॅलेंडरमध्ये गोल काढून ठेवण्यात अर्थ नाही. दिवस मोजण्यापेक्षा एक लक्षण बघावं: सकाळी "करू की नको" हा प्रश्न मनात उठतो का? हिच्या वहीत आठव्या आठवड्याच्या कडेला एक नोंद आहे: "आज तिसरं गणित चालू असताना लक्षात आलं की मी बसलेय."

चौऱ्याऐंशी दिवसांनंतर

८४ पैकी ७३ दिवस वही उघडली. त्यातले ६४ पूर्ण पाचाचे, ९ एका प्रश्नाचे. सोडवलेली गणितं ३२९. सराव परीक्षेतल्या गणिताच्या १५ प्रश्नांत सुरुवातीला ५ बरोबर, ७ चूक, ३ सोडलेले, म्हणजे ५ वजा पावणेदोन, सव्वातीन गुण. शेवटी ९ बरोबर, ३ चूक, ३ सोडलेले: सव्वाआठ. पाच गुण पूर्व परीक्षेच्या कटऑफजवळ मोठे असतात.

सहाव्या आठवड्यापासून संध्याकाळचा अभ्यासही आपोआप थोडा लागू लागला. त्याला बक्षीस नव्हतं, सक्ती नव्हती. सकाळी "मी करते" हे एकदा खरं झालेलं असलं की संध्याकाळी अभ्यासिकेकडे पाय वळायला सोपं जातं. शेवटच्या सहा आठवड्यांत सकाळचे ३८ दिवस, प्रत्येकी १५ मिनिटं धरून साडेनऊ तास. संध्याकाळचे २६ दिवस, सरासरी ५० मिनिटं, म्हणजे पावणेबावीस. बेरीज साधारण ३१ तास.

म्हणजे झटक्याने केले होते तेवढेच! तास वाढलेच नाहीत. पण सगळ्यात मोठा खंड नवाऐवजी दोन दिवसांचा, आणि इतिहासाचं पुस्तक साठाव्या पानावरून २१० वर गेलेलं, कारण परत पहिल्या पानावर यायची वेळ एकदाही आली नाही. त्यात तोच मजकूर दिवसांच्या अंतराने पुन्हा भेटत राहिला की एकदम कोंबलेल्यापेक्षा जास्त टिकतो, हा फायदा वेगळा.

आता मर्यादाही सरळ बोलायला हवी. सहा आठवड्यांत ३१ तास संयुक्त पूर्वला पुरत नाहीत. ही सवय म्हणजे जमीन आहे, इमारत नाही. पुढचं पाऊल संध्याकाळचं एकक बांधण्याचं, तेही आधीचं पक्कं झाल्यावर, एका वेळी एकच. आणि जिला नोकरीनंतर रात्री दहापर्यंत घरचं काम आहे, किंवा जी आठ महिने झाले तरी कशातच मन लागत नाही, झोप उडालीय म्हणते, तिचा प्रश्न सवयीचा नाही. तिला चहाची लाच देऊन उपयोग नाही. एकीला वेळ हवा आणि दुसरीला डॉक्टर.

दिवाळीला ती अकरा दिवस बार्शीला गेली. तिथे टॉवेल वाळत घालायची दांडी अंगणात, चहा उठल्याबरोबर आईच्या हातचा, पलंगावर भाचे. पुण्यातली प्रत्येक खूण गायब. हे होणार हे धरून निघण्याआधीच वहीत लिहिलं होतं: "आईने चहा टाकला की मागच्या पायरीवर दोन." अकरापैकी चार दिवस जमलं. खुणा बदलल्या की सवय एवढी तुटतेच. त्यात ओळख खोटी पडत नाही, पण पुरावा थांबतो, म्हणून परतल्यावरचा पहिला दिवस जपावा लागतो.

परतल्यावरच्या पहिल्या सकाळी खालचं अमृततुल्य बंद होतं. मालक गावाहून आले नव्हते. शटरवर खडूने "सोमवारी चालू" लिहिलेलं तिने आदल्या रात्रीच पाहिलं होतं. सकाळी टॉवेल दांडीवर टाकून तिने वही उघडली, सरासरीचं एक गणित सोडवलं, वेळ लिहिली, सात एकतीस ते सात चौतीस, आणि आईला मेसेज टाकला: "झाली."